नोंद आहे, पण शोधात सापडत नाही!

संगणकीय नोंदवह्यांमधील शोध मंद का होतो आणि त्यावरचा उपाय निवडताना काय पाहावे

- प्रतिनिधी

कार्यालयांचे संगणकीकरण झाले, जुन्या नोंदवह्या संगणकावर चढल्या आणि खिडकीपलीकडचा कारकून आता पाने उलटण्याऐवजी पडद्यावरच्या एका चौकटीत नाव टंकित करू लागला. सुरुवातीला सारे सुरळीत चालते. नोंदी काही हजार असतात आणि कळ दाबताच उत्तर येते. पुढे नोंदी लाखांत जातात. मग तेच नाव, तीच चौकट आणि तोच संगणक असूनही उत्तर यायला वेळ लागू लागतो. "सर्व्हर स्लो आहे" हे वाक्य रांगेतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते.

बहुतेक वेळा दोष सर्व्हरचा नसतो. तो प्रोग्रॅममधल्या एका टक्क्याच्या चिन्हाचा असतो.

उदाहरणादाखल मालमत्ता कराची एक नोंदवही घेऊ. तिच्यात २० लाख मिळकतींच्या नोंदी आहेत आणि `malak` या रकान्यात मालकाचे पूर्ण नाव आहे, असे समजू. माहितीसाठा पोस्टग्रेस-क्यूएल या मुक्त डेटाबेसमध्ये ठेवलेला आहे. शोधाच्या चौकटीमागे प्रोग्रॅमरने सहसा लिहिलेली आज्ञा अशी असते:

```
SELECT id, malak FROM milkat
WHERE malak LIKE '%वाडकर%';
```

येथे `%` म्हणजे 'काहीही चालेल'. नावाच्या आधी काहीही असो, नंतर काहीही असो, मध्ये 'वाडकर' असले म्हणजे झाले. कारकुनाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे. पूर्ण नाव ठाऊक नसले तरी आडनावाच्या तुकड्यावर काम भागते. संगणकाला मात्र ही सोय महागात पडते.

शब्दकोशाचा क्रम आणि शेवटाचा शोध

डेटाबेसमधला नेहमीचा इंडेक्स हा शब्दकोशासारखा असतो. त्याला बी-ट्री म्हणतात. त्यात सारी नावे क्रमाने लावलेली असतात. 'गाय' ने सुरू होणारी नावे हवी असतील, तर ती एका ठिकाणी सलग सापडतात; म्हणून `LIKE 'गाय%'` हा शोध या इंडेक्सच्या आधारे चटकन होऊ शकतो. (त्यासाठी बहुतेक लोकेलमध्ये इंडेक्स बनवताना `text_pattern_ops` हा पर्याय द्यावा लागतो. तो न दिल्याने 'इंडेक्स असूनही चालत नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते.)

परंतु शब्दकोश हातात देऊन कोणी 'ज्यांच्या मध्ये कुठेतरी वाडकर येते असे सारे शब्द काढा' म्हटले तर? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जाण्यावाचून मार्ग नाही. सुरुवातीचे अक्षरच ठाऊक नसल्याने कोशाचा क्रम निरुपयोगी ठरतो. डेटाबेसही नेमके तेच करतो. केवळ शेवट ठाऊक असेल, तर शब्द उलटे लिहून त्यांचा इंडेक्स करण्याची एक जुनी युक्ती आहे. यमकांचा कोश जसा शेवटावरून लावतात तशी. पण मधल्या तुकड्यासाठी तिचा उपयोग नाही.

किती वाचावे लागते, याचा हिशेब करता येतो. पोस्टग्रेस माहिती ८ किलोबाइटच्या पानांत साठवतो. एक नोंद सरासरी ४०० बाइटची धरली, तर एका पानात सुमारे २० नोंदी मावतात. म्हणजे २० लाख नोंदींसाठी १ लाख पाने, साधारण ८०० मेगाबाइट. एक आडनाव शोधण्यासाठी दरवेळी ही १ लाख पाने नजरेखालून घालायची आणि २० लाख नावे एकेक करून तपासायची. दहा खिडक्यांवर दहा कारकून एकाच वेळी शोधू लागले, की दहा जणांसाठी हेच काम स्वतंत्रपणे होते. स्मरणिका वाढवली तर डिस्कवरून वाचण्याचा वेळ वाचतो. तपासणीचा वेळ वाचत नाही.

हे घडते आहे की नाही, हे पाहण्यासाठी आज्ञेपूर्वी `EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)` लिहावे. उत्तरात पुढीलप्रमाणे ओळ दिसली, तर निदान पक्के:

```
Seq Scan on milkat
  Filter: (malak ~~ '%वाडकर%'::text)
```

मोठ्या नोंदवहीवर `Parallel Seq Scan` असेही दिसू शकते. त्याचा अर्थ तेच काम दोन-चार जणांत वाटून केले, एवढाच. खाली `Rows Removed by Filter` पुढे जो आकडा येतो, तो विनाकारण तपासलेल्या नोंदींचा असतो.

आणखी एक खोच आहे. ती चाचणीच्या वेळी हमखास निसटते. प्रोग्रॅमर बहुधा 'पहिल्या २० नोंदी दाखवा' अशी मर्यादा घालतो आणि 'पाटील' हे नाव टाकून पाहतो. पाटील पावलोपावली असल्याने पहिल्या काही पानांतच २० नोंदी मिळतात, वाचन तिथेच थांबते आणि शोध झटपट वाटतो. प्रत्यक्षात खिडकीवर येतो तो दुर्मिळ आडनावाचा मनुष्य किंवा ज्याची नोंदच चढलेली नाही तो. त्याच्यासाठी संपूर्ण नोंदवही शेवटपर्यंत वाचली जाते. सर्वाधिक वेळ त्यालाच लागतो आणि शेवटी उत्तर येते ते 'नोंद नाही' असे. चाचणी घ्यायचीच तर यादीत नसलेले नाव टाकून घ्यावी.

तीन-तीन चिन्हांचे तुकडे

यावरचा पहिला उपाय म्हणजे ट्रायग्रॅम इंडेक्स. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या `pg_trgm` या जोडघटकात तो आहे. हा जोडघटक आणि त्याला आधारभूत असलेला 'जिन' प्रकारचा इंडेक्स, या दोन्हींमागे ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगायेव ही रशियन जोडी आहे. बार्तुनोव मॉस्को विद्यापीठाच्या स्टर्नबर्ग खगोलशास्त्र संस्थेतले. सुरुवातीला `pg_trgm` चा उपयोग मिळतेजुळते शब्द शोधण्यापुरता होता; २०११ मध्ये आलेल्या ९.१ या आवृत्तीपासून तो `LIKE` च्या शोधालाही वापरता येऊ लागला.

कल्पना साधी आहे. प्रत्येक शब्दाचे लागोपाठच्या तीन-तीन चिन्हांचे तुकडे करायचे आणि कोणता तुकडा कोणकोणत्या नोंदींत आहे याची सूची ठेवायची, जशी ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते तशी. संगणकाच्या लेखी 'गायकवाड' म्हणजे ग, काना, य, क, व, काना, ड अशी सात चिन्हे. त्यातून 'गाय', 'ायक', 'यकव', 'कवा' आणि 'वाड' असे पाच तुकडे पडतात. शब्दाच्या आधी दोन व नंतर एक रिकामी जागा धरून आणखी तीन तुकडे मिळतात. एकूण आठ.

आता '%वाडकर%' शोधायचे असेल, तर त्यातून 'वाड', 'ाडक' आणि 'डकर' हे तीन तुकडे निघतात. सूचीतून प्रत्येक तुकड्याच्या नोंदींची यादी काढायची आणि तिन्ही याद्यांत समाईक असलेल्या नोंदी घ्यायच्या. समजा अशा ३ हजार नोंदी निघाल्या. त्या वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या असल्या, तरी १ लाख पानांऐवजी फार तर ३ हजार पाने उघडावी लागतात. एखाद्या नावात हे तिन्ही तुकडे असूनही सलग 'वाडकर' नसण्याची शक्यता असते. म्हणून उघडलेली प्रत्येक नोंद मूळ अटीशी पुन्हा ताडून पाहिली जाते. ही फेरतपासणी महत्त्वाची, कारण तिच्यामुळे उत्तर पूर्वी जे येत होते तेच येते. एक नोंद कमी नाही की जास्त नाही. फक्त लवकर येते.

इंडेक्स असा तयार करतात:

```
CREATE EXTENSION pg_trgm;
CREATE INDEX CONCURRENTLY milkat_malak_trgm
  ON milkat USING gin (malak gin_trgm_ops);
```

`CONCURRENTLY` लिहिल्याने इंडेक्स तयार होत असताना नव्या नोंदी घेण्याचे काम अडत नाही. मात्र हे काम मध्येच फसले तर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहतो; तो काढून पुन्हा करावा लागतो. प्रोग्रॅममधली शोधाची आज्ञा बदलावी लागत नाही, हा या उपायाचा मोठा गुण. पुन्हा `EXPLAIN` केल्यावर `Seq Scan` च्या जागी `Bitmap Index Scan` दिसले म्हणजे काम झाले. 'पाटील' साठी कदाचित पूर्वीचेच वाचन दिसेल. नोंदवहीचा मोठा हिस्सा जुळणार असेल, तर सरळ वाचणेच स्वस्त पडते, असा तो डेटाबेसचा हिशेब असतो.

मर्यादाही तीन चिन्हांच्या अटीतूनच येते. '%वा%' मध्ये दोनच चिन्हे आहेत. पूर्ण तुकडा पडत नाही, म्हणून इंडेक्सचा उपयोग होत नाही. तेव्हा चौकटीत किमान तीन चिन्हे टंकित झाल्याशिवाय शोध सुरूच करू नये. देवनागरीत ही अट वाटते तेवढी जाचक नाही. 'राव' मध्ये डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, पण चिन्हे तीन आहेत. 'श्री' हे एक अक्षर तर चार चिन्हांचे आहे.

दुसरी अडचण शोधाच्या एकाच चौकटीने नाव आणि पत्ता दोन्ही धुंडाळण्याची असते. आज्ञेत 'नावात असेल किंवा पत्त्यात असेल' अशी अट येते आणि इंडेक्स फक्त नावावर असतो. पत्त्यासाठी सारी नोंदवही वाचावीच लागणार असल्याने नावाचा इंडेक्सही बाजूला पडतो. दोन्ही रकान्यांवर इंडेक्स हवा.

देवनागरीची चाचणी आधी घ्या

इथे मराठी नोंदी सांभाळणाऱ्यांनी थोडे थांबावे. ट्रायग्रॅमचे तुकडे पाडताना `pg_trgm` फक्त अक्षरे आणि अंक विचारात घेतो. बाकी साऱ्या चिन्हांना तो शब्दाचा शेवट समजतो. अक्षर कशाला म्हणायचे, हे डेटाबेसच्या लोकेल नावाच्या मांडणीवरून ठरते. डेटाबेस तयार करताना ते लोकेल `C` असे ठेवले गेले असेल, तर देवनागरी अक्षरे सहसा अक्षरे म्हणून धरलीच जात नाहीत. इंडेक्स बनतो, जागा अडवतो, चूक झाल्याची सूचना येत नाही आणि शोध मात्र पूर्वीइतकाच मंद राहतो. काही मांडण्यांमध्ये मूळ व्यंजने अक्षरे ठरतात, पण काना, वेलांटी किंवा हलन्त ही चिन्हे ठरत नाहीत. मग 'वाड' चे 'व' आणि 'ड' असे दोन सुटे शब्द होतात.

तुकडे पाहण्यासाठी `show_trgm` हे फंक्शन आहे. देवनागरीचे तुकडे ते वाचता येतील असे दाखवत नाही, `0x` ने सुरू होणारे आकडे दाखवते. त्यामुळे नुसते पाहून बोध होत नाही. तुकड्यांची संख्या मोजूनही उलगडा होत नाही, कारण शब्द मोडला तरी रिकाम्या जागा धरून संख्या तेवढीच भरते. त्यापेक्षा पुढची तुलना करावी:

```
SELECT show_trgm('वाड') = show_trgm('व ड');
SELECT show_trgm('क्ष') = show_trgm('क ष');
```

पहिल्या आज्ञेचे उत्तर `t` आले, तर काना हा शब्दविराम मानला जात आहे किंवा देवनागरी पूर्णपणे गाळली जात आहे, असे समजावे. अशा डेटाबेसवर मराठी नावांचा ट्रायग्रॅम इंडेक्स जवळपास व्यर्थ आहे. योग्य लोकेल देऊन नवा डेटाबेस उभारून त्यात माहिती हलवावी लागेल. दुसऱ्या आज्ञेचे उत्तर `t` आले तर प्रकरण तितके गंभीर नाही. जोडाक्षरापाशी शब्द तुटतात, चाळणी थोडी सैल होते, एवढेच. फेरतपासणीमुळे उत्तर तरीही बरोबरच राहते.

लोकेल ठीक असल्यास ट्रायग्रॅमचा आणखी एक लाभ मिळतो. कोणी 'गायकवड' असे काना विसरून टाकले, तर `LIKE` ला काहीच सापडणार नाही. तुकड्यांच्या हिशेबाने मात्र 'गायकवाड' चे आठ आणि 'गायकवड' चे सात तुकडे होतात. त्यांपैकी पाच समाईक आणि दोन्ही मिळून वेगळे असे दहा. साम्य ५ भागिले १०, म्हणजे ०.५. साम्य मानण्याची मूळची मर्यादा ०.३ असल्याने दोन्ही शब्द जुळतात. रकान्यात पूर्ण नाव असेल तर हे साम्य साहजिकच खाली येते. त्यासाठी नावातल्या एखाद्या शब्दाशीच तुलना करणारा `'गायकवड' <% malak` हा प्रकार वापरावा. अशा अंदाजाने मिळालेल्या नोंदी पडद्यावर वेगळ्या दाखवाव्यात. कर कोणाच्या नावावर आहे, हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नव्हे.

तुकडे नव्हे, शब्द

दुसरा उपाय म्हणजे पूर्ण मजकूर शोध, अर्थात फुल टेक्स्ट सर्च. २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून तो पोस्टग्रेसच्या गाभ्यातच आहे. यातही जिन इंडेक्सच वापरतात, पण सूची तुकड्यांची नसते, शब्दांची असते. मजकुराचे शब्द वेगळे काढायचे, शक्य असेल तर त्यांचे प्रत्यय काढून मूळ रूप ठेवायचे आणि कोणता शब्द कुठे आहे हे नोंदवायचे.

फरक शब्दांत सांगण्यापेक्षा उदाहरणाने लवकर कळतो. त्याच कार्यालयात `takrar` नावाची दुसरी नोंदवही आहे आणि तिच्या `tapshil` या रकान्यात नागरिकांच्या तक्रारी आहेत, असे धरू. त्यांतल्या तीन पाहा. पहिली: 'मुख्य जलवाहिनीला गळती लागल्याने पाणी वाया जात आहे'. दुसरी: 'पाण्याच्या पाइपातून गळती होत आहे'. तिसरी: 'गळतीमुळे तळघरात पाणी साचले'. अभियंत्याला पाणीगळतीच्या साऱ्या तक्रारी हव्या आहेत.

`LIKE '%पाणी%गळती%'` लिहिले तर तिन्हींपैकी एकही सापडत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या तक्रारीत गळती आधी आहे आणि पाणी नंतर; दुसरीत 'पाणी' हा शब्दच नाही, 'पाण्याच्या' आहे. येथे ट्रायग्रॅम इंडेक्स जोडला तर हेच चुकीचे उत्तर अधिक वेगाने मिळेल.

पूर्ण मजकूर शोधाला शब्दांचा क्रम आड येत नाही. म्हणून 'पाणी आणि गळती' असे विचारले तर पहिली तक्रार सापडते. दुसरी आणि तिसरी मात्र सापडत नाहीत, आणि याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. इंग्रजी मजकुरासाठी पोस्टग्रेसमध्ये प्रत्यय काढून टाकणारी सोय आहे. हिंदी, नेपाळी, तमिळ या भाषांसाठीही ती आली आहे. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी नाही. आपल्याला `simple` हा पर्याय वापरावा लागतो आणि तो शब्द जसा आहे तसाच ठेवतो. त्याच्या दृष्टीने 'पाणी' आणि 'पाण्याच्या' हे दोन परके शब्द आहेत. लिपी एकच म्हणून हिंदीचा पर्याय लावून पाहण्याचा मोह होतो; पण हिंदीची विभक्ती बहुधा सुटी लिहिली जाते आणि मराठीची शब्दाला चिकटते, सामान्यरूपासकट. हिंदीचे नियम मराठी शब्दाला लावले तर तो भलत्याच ठिकाणी कापला जाईल.

यातून वाट काढता येते, कारण मराठी प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात आणि पूर्ण मजकूर शोधात शब्दाचा आरंभ देऊन शोधण्याची सोय आहे:

```
CREATE INDEX CONCURRENTLY takrar_fts ON takrar
  USING gin (to_tsvector('simple', tapshil));

SELECT id FROM takrar
WHERE to_tsvector('simple', tapshil)
   @@ to_tsquery('simple', 'पाण:* & गळती:*');
```

'पाण' ने सुरू होणारा आणि 'गळती' ने सुरू होणारा शब्द, कोणत्याही क्रमाने. आता तिन्ही तक्रारी सापडतात. 'पाणीपुरवठा' ही सापडेल. अर्थात 'पाणउतारा' केल्याची तक्रारही, तिच्यात गळतीचा उल्लेख असल्यास, सोबत येईल. पण निरुपयोगी चार ओळी जास्त दिसणे हे कामाची एक ओळ गळण्यापेक्षा बरे. शब्द कुठे छाटायचा, हे नियम प्रोग्रॅममध्ये लिहावे लागतात. 'पुणे' साठी 'पुण' इतके छाटले तर 'पुण्यात' सापडते आणि 'पुण्य' ही पदरी पडते!

आज्ञेतली एक बारीक गोष्ट नजरेआड होऊ नये. `to_tsvector` ला `'simple'` हे नाव इंडेक्समध्ये दिले आणि शोधात ते गाळले, तर डेटाबेस दोन्हींना वेगळे समजतो, इंडेक्स वापरत नाही आणि पुन्हा सारी नोंदवही वाचू लागतो. इथेही `EXPLAIN` मधली `Seq Scan` ही ओळच चोर पकडून देते.

या शोधात जुळणीच्या गुणांनुसार क्रम लावता येतो, लागोपाठचे शब्द मागता येतात आणि लांबलचक मजकुरावर तो ट्रायग्रॅमपेक्षा हलका चालतो. हजार शब्दांच्या एखाद्या अर्जातून वेगवेगळे तुकडे फार पडतात. 'करण', 'आहे' यांसारखे तुकडे तर जवळपास प्रत्येक अर्जात असतात. चाळणीतून मग बरेच काही सुटते आणि फेरतपासणीसाठी तेवढे लांब मजकूर पुन्हा उघडावे लागतात. एक-दोन ओळींच्या तक्रारींसाठी मात्र ट्रायग्रॅमच्या आधारे 'पाण' आणि 'गळती' अशा दोन स्वतंत्र `LIKE` अटी लावूनही काम होते. मराठीसाठी तो कमीपणाचा मार्ग मानण्याचे कारण नाही.

अदलाबदल कुठे नडते

उलट बाजूची चूक अधिक घातक असते. 'LIKE मंद आहे, फुल टेक्स्ट सर्च वेगवान आहे' एवढेच ऐकून कोणी मालकाच्या नावाच्या रकान्यावर पूर्ण मजकूर शोध बसवला, तर पडदा खरोखरच झटपट उत्तर देऊ लागतो. सगळे खूश होतात. पण कारकून 'वाडकर' टाकतो आणि 'जांभूळवाडकर' हे नाव येत नाही, कारण तो शब्द 'वाडकर' ने सुरू होत नाही. पूर्ण मजकूर शोधात शब्दाचा आरंभ देता येतो. मध्य किंवा शेवट देता येत नाही. नोंद डेटाबेसमध्ये आहे, कालपर्यंत सापडतही होती. आज मात्र "तुमच्या नावावर मिळकत नाही" असे सांगून मनुष्याला परत पाठवले जाते. मंद शोधाबद्दल तक्रार तरी होते. नोंद सापडली नाही, तर ती आहे हे कळणार कसे?

म्हणून प्रश्न वेगाचा नंतर विचारावा. आधी पाहावे ते चौकटीत काय टंकित होते हे. नावे, पत्ते, मिळकत क्रमांक, मोटारीचे क्रमांक, सुट्या भागांचे सांकेतिक क्रमांक यांत माणसे तुकडा टाकतात, तिथे ट्रायग्रॅम. तक्रारी, बातम्या, निकालपत्रे यांत माणसे विषयाचे शब्द टाकतात. तिथे पूर्ण मजकूर शोध. एकाच नोंदवहीच्या दोन रकान्यांवर दोन प्रकारचे इंडेक्स ठेवायला काहीच हरकत नसते. किंमत द्यावी लागते ती नोंद चढवताना. जिन इंडेक्समध्ये एका नावासाठी वीस-पंचवीस तुकड्यांच्या जागा भरायच्या असतात. पोस्टग्रेस हे काम थोडे साठवून एकदम करतो आणि साठलेली यादी मोठी झाली की मधूनच एखादा शोध किंवा नवी नोंद अडखळते. दिवसभर नोंदी चढत असतील तर डेटाबेसची `VACUUM` ही साफसफाई वेळच्या वेळी होते आहे ना, ते पाहावे.

बदल करण्यापूर्वी जुन्या आणि नव्या शोधाची तुलना करणे कठीण नाही. गेल्या महिन्यात खिडक्यांवर प्रत्यक्ष टाकले गेलेले दोनशे-तीनशे शब्द घ्यावेत, दोन्ही पद्धतींनी शोधावेत आणि जुन्या शोधात आलेली पण नव्यात न आलेली प्रत्येक नोंद कागदावर काढून पाहावी. ट्रायग्रॅमच्या बाबतीत `LIKE` ची आज्ञा कायम असल्याने ही यादी कोरी असते. पूर्ण मजकूर शोधाच्या बाबतीत ती कोरी नसतेच. त्यातली कोणती गळती चालेल आणि कोणती नाही, हे प्रोग्रॅमरने नव्हे, खिडकीवर बसणाऱ्याने सांगायचे.

ज्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस नाही, त्यांनाही हीच निवड करावी लागते. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून चिन्हांचे तुकडे करणारा 'एनग्रॅम' पार्सर आहे आणि तो मुळात दोन-दोन चिन्हांचे तुकडे करतो. एसक्यूलाइटच्या एफटीएस-५ मध्ये २०२० च्या अखेरीस ट्रायग्रॅमची सोय आली.

राहता राहिला एक दोष, जो यांपैकी कोणताच इंडेक्स दूर करीत नाही. 'कऱ्हाड' मधला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी टंकित होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र आणि हलन्त यांपुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. संगणकाला ती तीन वेगळी गावे वाटतात. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेले `normalize` हे फंक्शन पहिल्या दोन रीती एक करते. तिसरीतले अदृश्य चिन्ह त्याने जात नाही, ते वेगळ्या आज्ञेने बदलून घ्यावे लागते. हा सफाईचा टप्पा नोंद चढवताना आणि शोधाचा शब्द घेताना, अशा दोन्ही वेळी हवा, आणि तो इंडेक्स बांधण्याच्या आधी.